टाळ की तुळस: माळकरी घरातल्या एका ट्रान्स लेकीचं प्रकरण

मी पुण्यात कुटुंबांसोबत समुपदेशनाचं काम करते, आणि माझं स्वतःचं घरही माळकरी आहे, त्यामुळे ही केस माझ्याकडे आली तेव्हा निदान भाषा तरी समजावून घ्यावी लागली नाही. तिची परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत, नाव देत नाही, नुसतं "ती" म्हणते.

घर फलटण तालुक्यातलं, तीन पिढ्यांची माळ, वडील गावच्या भजनात मृदंगावर, आणि आषाढीला गावची दिंडी माउलींच्या पालखीत रथाच्या मागे चालते तिच्यात हे घर दरवर्षी असतंच. ती या घरातला थोरला मुलगा म्हणून वाढली, पाठीवर एक भाऊ आणि मग धाकटी बहीण. सातवीत असताना पहिल्यांदा दिंडीत टाळ घेऊन चालली, हरिपाठ तोंडपाठ, गवळणी इतक्या गोड म्हणायची की सप्ताहात काल्याच्या आदल्या रात्री लोक फर्माईश करायचे. पुढे पुण्यात नोकरी लागली आणि चोविसाव्या वर्षी तिने जे लहानपणापासून माहीत होतं ते स्वतःशी कबूल केलं, की आपण मुलगी आहोत. मानसोपचार तज्ज्ञांकडे रीतसर तपासणी झाली, मग एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे हार्मोन्स सुरू झाले. केस वाढले, आवाज तोच राहिला (इस्ट्रोजेनने आवाज बदलत नाही, त्याचा सराव वेगळा करावा लागतो), आणि वर्षभरात घरी जाणं अवघड झालं.

माझ्याकडे आली तेव्हा तिचा प्रश्न "देव मला स्वीकारेल का" हा नव्हता. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण धर्म आणि लैंगिक ओळख म्हटलं की सगळ्यांना वाटतं भांडण देवाशीच असणार. तिचं विठ्ठलाशी काहीच बिनसलं नव्हतं, रोज हरिपाठ चालू, एकादशी चालू. तिचा प्रश्न होता, "ताई, मी वारीत कुठे चालू?"

तोवर घरच्यांनी काय काय करून झालं होतं ते आधी सांगते. पहिल्यांदा एका बाबाकडे नेलं, त्याने बाहेरचं आहे म्हणून सांगितलं, लिंबू-अंगारा झाला, पैसे गेले. मग भावाने शहरातला एक डॉक्टर शोधला जो म्हणाला सहा महिन्यांत मुलगा "नॉर्मल" करून देतो. अशा वेळी घरच्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगायची असते, असल्या "बदलून देतो" उपचाराला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय, म्हणजे असं करणाऱ्या डॉक्टरची तक्रार करता येते. त्याच्या आदल्या वर्षी मद्रास उच्च न्यायालयाने एका लेस्बियन जोडप्याच्या केसमध्ये हा मुद्दा धसास लावला होता. ती त्या डॉक्टरकडून दुसऱ्याच भेटीत उठून आली म्हणून वाचली. पण त्यानंतर तिने गळ्यातली माळ काढून कपाटात ठेवली.

हे कळल्यावर मी बाकीचं सगळं बाजूला ठेवलं. माळकऱ्याची माळ तुटली तर ती पुन्हा ओवून गळ्यात पडेपर्यंत माणूस अन्नाला शिवत नाही, तिथे स्वतःच्या हाताने माळ काढून ठेवणं म्हणजे काय हे माळकरी घरातलं कुणीही ओळखेल. मी सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का, कसा द्यायचा हे ठरवलं होतं का. असं विचारल्याने डोक्यात विचार घुसतो असं लोकांना वाटतं, तसं होत नाही, उलट विचारलं की माणूस बोलतं. ती बोलली. मग मैत्रिणीसोबत राहायचं, औषधं मैत्रिणीकडे ठेवायची, रात्री वाईट वाटलं तर कुणाला फोन करायचा, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर कुठे लिहून ठेवायचा, हे ठरवण्यात सुरुवातीच्या भेटी गेल्या आणि मानसोपचार तज्ज्ञांनाही लगेच कळवलं. घर, वारी, वडील, सगळं त्यानंतर.

आता आत्याचं ऐका, कारण या केसमध्ये मला सगळ्यात जास्त शिकवलं ते तिच्या सूचनेने. आत्या सांगली बाजूला दिलेली, तिचा जीव भाचीवर, ती म्हणाली हिला यल्लम्माला सोडा, देवीने बोलावलंय हिला, जोगता होऊ दे, म्हणजे गाव नावही ठेवणार नाही आणि पायाही पडेल. यात कपट नव्हतं. कोल्हापूर, सांगली, सोलापूर पट्ट्यात आणि सीमेपलीकडे सौंदत्तीपर्यंत जोगत्यांची परंपरा आहे, साडी नेसून, डोक्यावर देवीचा जग घेऊन फिरणारे जोगते लोकांनी पाहिलेत, त्यांच्या हातून भंडारा घेतलाय. बाईपणाने जगणाऱ्या पुरुषदेहाच्या माणसाला गावच्या धर्मात जी एक तयार जागा आहे ती ही, आणि तिथे कित्येकांना खरंच आधार, गुरू, घर मिळालंय, त्यामुळे मी त्या परंपरेला कमी लेखत नाही.

पण ती आत्याला म्हणाली, "आत्या, माझा देव का बदलतीस? मी काय केलंय?"

तिला देवी नको होती असं नाही, तिला तिचा विठ्ठल हवा होता. शिवाय जोगता झालं की माणूस कुटुंबातून उठून देवीच्या घरात जातो, मग पूजनीय होतो, पण भावाच्या लग्नात अक्षता टाकणारी बहीण राहत नाही. किन्नर आखाड्याचंही कुणीतरी सुचवलं. 2015 साली स्थापन झालेला, ठाण्यात वाढलेल्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या पुढाकारातला, 2019 च्या प्रयागराज कुंभात जुना आखाड्यासोबत शाही स्नानाला उतरलेला. त्यांचे फोटो बघून तिला अभिमान वाटला होता, ती म्हणाली छान आहे, पण मला संन्यास घ्यायचा नाहीये, मला आईशेजारी बसून फराळ करायचाय. लोक तिला पुन्हा पुन्हा खास जागा देऊ करत होते आणि ती साधी जागा मागत होती.

पुण्यातल्या मित्रमंडळींनी तिला वेगळी तयारी करून दिली होती. शिखंडी, बृहन्नडा, मोहिनी, अर्धनारीश्वर, सगळे दाखले. ते घेऊन ती एकदा वडिलांशी फोनवर तासभर बोलली आणि काहीही झालं नाही. वडील शांतपणे ऐकून म्हणाले, "ते देवादिकांचं झालं. माझ्या लेकराचं लोक काय करतील ते सांग." असले दाखले तरुण पोरांना स्वतःला धीर यायला उपयोगी पडतात, मी ते पाहिलंय, पण आईबापाची शंका पुराणात बसत असेल की नाही ही नसतेच बहुतेक वेळा. वडिलांनी एकदाही "हे पाप आहे" म्हटलं नव्हतं, मी सगळ्या बोलण्यात तो शब्द शोधत होते, सापडला नाही.

मग मी वडिलांना भेटले. दोन बैठकांत अडसर बाहेर आला तो असा की धाकटीचं लग्न जमत होतं. सोयरिकीच्या बोलण्यात "थोरला काय करतो" हा प्रश्न येणारच, आणि उत्तर काय द्यायचं ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. भाऊ म्हणत होता लग्न होईपर्यंत येऊच नको, आई म्हणत होती शर्ट-पँट घालून ये आणि केस बांध, एवढंच. 2019 च्या ट्रान्सजेंडर कायद्यात आईवडिलांच्या घरात राहण्याचा आणि घरातून वगळलं न जाण्याचा हक्क स्पष्ट लिहिलाय, तिच्याकडे जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्रही होतं, पण तो कागद घेऊन घरात शिरण्याने तिला हवं होतं ते मिळणार नव्हतं. कायदा माहीत असावा, मारहाण झाली, हाकलून दिलं तर तो लागतो. इथे बाप मृदंग समोर ठेवून रडत होता, तिथे कायद्याचं काम नव्हतं.

गाडी पुढे सरकली ती दिंडीच्या महाराजांमुळे, आणि तिथेही युक्तिवादाने नाही. महाराज सत्तरीचे, वडिलांचे गुरुबंधू. वडिलांनी त्यांना सगळं सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की तू चाळीस वर्षं गवळण म्हणतोस ना, बाई होऊन विठ्ठलाला आळवतोस, ज्ञानोबांची विरहिणी म्हणताना रडतोस, तेव्हा तुला लाज वाटली का? वडील त्या रात्री झोपले नाहीत म्हणे. आपल्या संप्रदायात हे आहेच, विठ्ठल पुरुष असून विठाई माउली, ज्ञानोबा माउली, पुरुषांनी बाईच्या तोंडून गायलेले अभंग शेकड्याने.

मला हे ऐकून आनंद झाला, पण तिने मात्र लगेच टोकलं आणि ते बरोबरच होतं. वडिलांबद्दल म्हणाली, "आबा गवळण संपली की पदर काढून ठेवतात, मी कुठे काढून ठेवू?" भक्तीतलं बाईपण आणि जगण्यातलं बाईपण एक नाही, पहिलं मान्य आहे म्हणून दुसरं मान्य होईल असं गृहीत धरलं तर फसगत होते. वडिलांपुरतं त्याने एक दार किलकिलं झालं, बास. जास्त उपयोगी पडलं ते महाराजांचं दुसरं बोलणं, चोखोबांची समाधी मंदिराबाहेर महाद्वारापाशी आहे, त्यांना बाहेर गावाने ठेवलं, विठ्ठलाने नाही, आणि दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 साली पंढरपुरात उपोषण करावं लागलं. हे वडिलांना लागू पडलं, कारण त्यात देव दोषी नव्हता आणि लेकरूही दोषी नव्हतं.

तर ठरलं की तिने वारीत यायचं. पूर्ण नाही, सासवड ते जेजुरी आणि जेजुरी ते वाल्हे एवढाच टप्पा, कारण पुढे लोणंद ओलांडून पालखी फलटणकडे गेली की सगळे पाव्हणे भेटायला येतात. ही तडजोड होती आणि तिला ती खुपत होती, पण तिने मान्य केली.

खरा प्रश्न यानंतर उभा राहिला. दिंडीची चाल ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल. पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या ओळी, मृदंग, मग वीणा घेतलेले विणेकरी, आणि त्यांच्या मागे डोक्यावर तुळस आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बायका. आता पुष्कळ दिंड्यांत बायका टाळ घेतात, या दिंडीत अजून नाही. म्हणजे तिने टाळकऱ्यांच्या ओळीत उभं राहायचं तर पुरुष म्हणून, आणि बाई म्हणून चालायचं तर टाळ सोडून. बारा-तेरा वर्षं तिचे हात ज्या टाळावर बसले होते, वडिलांच्या मृदंगावर ज्या पावल्या टाकल्या, ते तिचं भजन होतं. तिला बाई म्हणून मान्यता मिळणार म्हणजे बायकांना जे मिळत नाही ते तिलाही मिळणार नाही, हे तिने ज्या दिवशी ओळखलं त्या दिवशी ती माझ्याकडे बसून फार वेळ काही बोलली नाही. मी पण तिला "बघ, काही मिळवायला काही सोडावं लागतं" वगैरे सांगितलं नाही, कारण तसं सांगायचं तर ते सगळ्याच बायकांना सांगावं लागेल आणि ते मला मान्य नाही. निर्णय तिनेच घेतला, तुळस.

बाकीची तयारी साध्या गोष्टींची होती पण त्यावरच सगळं अवलंबून होतं. झोपायचं बायकांच्या राहुटीत, आई एका अंगाला, आणि दुसऱ्या अंगाला दिंडीतली एक म्हातारी मावशी जिचा शब्द बायकांत चालतो, तिला आईने आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. आंघोळीला पहाटे टँकरपाशी गर्दी व्हायच्या आत आईबरोबर जायचं, साड्यांचा आडोसा करायचा, जो बाकीच्या बायकाही करतातच. औषधांचं मी तिला डॉक्टरांना विचारून यायला लावलं, कारण ती इस्ट्रॅडिओलसोबत स्पायरोनोलॅक्टोन घेत होती. त्या गोळीने लघवी वाढते आणि शरीरात पोटॅशियम साठून राहतं, वारीत उन्हात चालताना पाणी कमी पडलं तर चक्कर येऊन पडायला वेळ लागत नाही, आणि वाटेत लोक प्रेमाने शहाळं आणि केळी हातात देतात त्यात भरपूर पोटॅशियम असतं. डॉक्टरांनी रक्ततपासणी करून त्या दिवसांपुरता डोस बदलून दिला, शहाळ्याला नको म्हणाले. मनाने गोळी बंद करू नये आणि मनाने चालूही ठेवू नये, विचारावं.

चालली ती. पहिल्या रात्री राहुटीत एका बाईने आवाज चढवला, आमच्या पोरीबाळी इथे झोपतात म्हणाली. आई गप्प झाली. मावशीने वाद घातला नाही, आपली वळकटी उचलली, त्या बाईच्या आणि तिच्या मधे टाकली आणि म्हणाली, "मी आहे ना मधी, झोपा आता, तीनला उठायचंय." महाराजांना धास्ती वेगळीच होती. तळावर समाजआरतीला चोपदाराने दंड वर केला की सगळ्या दिंड्यांचे टाळ थांबतात, आणि ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते, मग तिचं ऐकून घेतलं जातं. आपल्या मागची-पुढची दिंडी हिच्यावरून टाळ वाजवेल की काय याची त्यांना काळजी. दोन्ही दिवस कुणीही वाजवला नाही.

बिघडलं ते मोबाइलमुळे. गावातल्या एका पोराने तुळस घेतलेला तिचा फोटो काढून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, खाली नको ते लिहिलं, आणि ती वाल्ह्याला पोचायच्या आत तो भावाकडे पोचला होता. पंधरा दिवसांत धाकटीचं जवळपास ठरलेलं स्थळ मागे फिरलं, कारण सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळलं. भावाने तिचा नंबर ब्लॉक केला. वडिलांनी भजनात जायचं सोडलं, मृदंगाला खोळ घातली. दिवाळीला तिला बोलावणं आलं नाही.

इथे बरेच जण म्हणतील की मग घाई झाली, लग्नापर्यंत थांबायला हवं होतं. मला तसं वाटत नाही. थांबा म्हणणाऱ्या घरांत लग्नानंतर बहिणीचं सासर येतं, मग तिचं बाळंतपण, मग भावाचं लग्न, थांबायला कारण कधी संपत नाही. आणि ती कपाटातल्या माळेपाशी पुन्हा गेली असती. मात्र फोटोचा विचार आधी व्हायला हवा होता, हे आम्हा सगळ्यांनाच नंतर जाणवलं, आणि आता कुठल्याही घराशी बोलताना तो विषय आधीच निघतो, कुणी काढला तर काय सांगायचं, ग्रुपवर आला तर उत्तर कोण देणार, द्यायचं की नाही.

पुढची हालचाल धाकटीने केली, जिचं नुकसान झालं होतं तिनेच. तिने घरात सांगितलं की थोरलीचं ऐकून मागे फिरणारं स्थळ मला नकोच होतं, पुढच्याला पहिल्या भेटीत मीच सांगणार. कार्तिकीला आई एकटी पंढरपूरला आली आणि तिच्यासोबत दर्शनबारीत रात्रभर उभी राहिली. बारीत आईने पिशवीतून नवी तुळशीची माळ काढून तिला दिली, जुनी घालू नको म्हणाली. आई तिला कधीही नावाने हाक मारत नाही, जुन्याही नाही आणि नव्याही नाही, "बाळा" म्हणते, पण अनोळखी बाईने विचारलं तेव्हा "माझी लेक" म्हणाली. मला विचाराल तर घराचं मन बदलतंय की नुसतं सांभाळून घेतलं जातंय हे इथे कळतं, तिसऱ्या माणसापुढे ओळख काय करून देतात त्यावरून. चार भिंतींत साडी चालते आणि पाहुणा आला की आतल्या खोलीत जायला सांगतात, तो स्वीकार नाही.

वडिलांचं इतकं सरळ नाही. पुढच्या आषाढीला त्यांनीच महाराजांना फोन करून विचारलं की ती येईल का, पण तिच्याशी स्वतः बोलले नाहीत. ती आली, यावेळी नीरा स्नानानंतर लोणंदपर्यंत चालली, वडील पुढे मृदंगावर आणि ती मागे बायकांत, मधे विणेकरी. मुक्कामाला भजन बसलं तेव्हा वडिलांनी तिच्याकडे न बघता गवळणीचा ठेका धरला, आणि बायकांच्या बाजूने कुणी म्हणत नाही अशी इथली रीत असूनही तिने तिथूनच उचलली. कुणी थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन म्हाताऱ्या बायकांनी महाराजांना विचारलं, ती म्हणते तर आम्हाला का नाही, टाळ पण द्या की. महाराज म्हणाले बघू, दिंडीच्या बैठकीत काढतो.

भाऊ अजून बोलत नाही. धाकटीचं लग्न झालं, स्थळाला आधी सांगूनच, पण मांडवात थोरलीने मागच्या खुर्चीत बसायचं असं भावाने ठरवलं होतं आणि ती तशी बसली. अक्षता टाकल्या. जमिनीच्या कागदांवर अजून जुनं नाव आहे, ते बदलायला तलाठ्याकडे जायचं तर वडिलांनी सोबत यावं एवढी तिची मागणी आहे, वडील पेरणी झाल्यावर बघू म्हणालेत.